साडेएकोणचाळीस इंचांचा एक्सएल

कुडता परत गेला, पैसेही बरेचसे आले, तरी डोकं अजून तापलेलंच आहे. म्हणून लिहून टाकते.

भाच्याची मुंज होती. साडी सकाळच्या विधींपुरती, दुपारनंतर पंक्तीत वाढायला नि मुलांमागे धावायला सुटसुटीत कुडता हवा म्हणून फोनवर शोधत बसले. दुकानात जायचा कंटाळा नव्हता, पण आमच्या गावात गडद हिरवा मिळाला तर त्यावर टिकल्या असतात, आणि टिकल्या नसल्या तर तो हिरवा नसतो. फोनवर अगदी हवा तसा दिसला. बाह्या पाऊण, पुढे छोटी बटणपट्टी, किंमत १४५० रुपये.

ऑनलाइन कपडे घेताना मी आंधळेपणाने एल किंवा एक्सएल दाबत नाही, हे आधीच सांगते. दोन वर्षांपूर्वी एकदा हात पोळलेत. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. घरातला सगळ्यात छान बसणारा कुडता पलंगावर सपाट पसरायचा, हाताने सुरकुत्या काढायच्या (ओढायचं मात्र नाही), आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप लावायची. माझ्या लाडक्या कुडत्याचं ते माप २१ इंच भरतं. दुप्पट केलं की ४२. माझी अंगाची छाती ३९. म्हणजे विणीच्या नसलेल्या, न ताणणाऱ्या कापडात मला ३ इंच सैलपणा लागतो, तेव्हा हात वर करून माळ्यावरचा डबा काढता येतो. टीशर्टचं गणित वेगळं, ते कापडच ताणतं, त्यामुळे अंगाइतकं माप असलं तरी चालून जातं.

आता चार्ट वाचताना बहुतेकजणी जिथे फसतात ती गोष्ट. चार्टमधला आकडा अंगाचा आहे की कपड्याचा? काही ठिकाणी दोन्ही रकाने असतात, 'कोणत्या छातीला बसेल' आणि 'कपड्याची छाती'. तिथे प्रश्न नाही. पण एकच रकाना असेल आणि त्यावर नुसतं 'बस्ट' लिहिलेलं असेल, तर मी त्याच ओळीत पुढे बघते. तिथे उंची, खांदा, बाहीची लांबी असेल तर तो तक्ता बहुधा कपड्याचाच असतो, कारण उंची ४४ इंच हे कुडत्याचं माप झालं, बाईचं नव्हे. नुसती छाती, कंबर, सीट एवढंच असेल तर बहुधा अंगाचं. तरी खात्री नसेल तर सरळ विक्रेत्याला विचारावं. अंगाचा आकडा कपड्याचा समजलात तर कुडता ढगळ येतो, आणि कपड्याचा अंगाचा समजलात तर डोक्यातून खाली उतरतच नाही.

माझ्या हिरव्या कुडत्याच्या चार्टवर 'गारमेंट मेजरमेंट' असं स्वच्छ लिहिलं होतं. एक्सएल, छाती ४२, उंची ४४. खाली बारीक अक्षरात 'अर्धा इंच फरक संभवतो'. सगळं जुळत होतं. रंग कसा वाटतो हे विचारायला मी बहिणीला त्या पानाचे तीन स्क्रीनशॉट पाठवले, त्यातल्या एकात नकळत चार्टही गेला. त्याने पुढे मला वाचवलं, पण तेव्हा ते डोक्यातही नव्हतं. परतीच्या अटीत लिहिलं होतं की वस्तू सेलमधली आहे, सात दिवसांत फक्त साइझ बदलून मिळेल, पैसे नाहीत. मापाबद्दल एवढी खात्री होती की मी ती ओळ वाचली आणि सोडून दिली.

मंगळवारी पार्सल आलं. संध्याकाळी घालून बघितला. खाली उतरला, पण बटणपट्टी तोंड वासून बसली होती, मुंढ्यात काचत होता आणि हात खांद्याच्या वर जाईना. नवरा म्हणाला, "चांगला तर दिसतोय, जेवायच्या आधी घाल." मी तिथल्या तिथे परतीचं पान उघडलं आणि कारणांच्या यादीतलं पहिलं कारण दाबलं, 'साइझ लहान आहे'.

सगळा घोळ या एका बोटाने झाला.

साइझ लहान म्हटल्यावर समोरून साहजिकच 'मोठा साइझ घ्या' आलं. डबल एक्सएल संपलेला. मग 'उपलब्ध झाल्यावर पुन्हा प्रयत्न करा' असं सांगून विनंती बंद. बुधवार-गुरुवार चॅटवर गेले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी ऑर्डर क्रमांक नव्याने, आणि दर वेळी तेच वाक्य: साइझची निवड ग्राहकाची असते, वस्तू फक्त बदलून मिळते. मी लिहायचे, अहो पण मी चार्ट बघूनच घेतला. ते लिहायचे, आपली गैरसोय आम्ही समजतो. चौथ्यांदा ती गैरसोय समजून घेतली गेली तेव्हा मी फोन सोफ्यावर आपटला.

शुक्रवारी कुडता पिशवीत घालून खालच्या शिलाईवाल्या काकूंकडे गेले. म्हटलं, काकू, बाजूच्या शिवणीत माया असेल तर उसवून थोडा सैल करून द्या. काकूंनी तो उलटा केला, शिवण बघितली आणि नाक मुरडलं. "माया कसली, पाव इंचही नाही सोडलेली. आणि टॅग आहे ना अजून? मग मी कात्री लावायची नाही." मग सवयीने टेप टाकली. पावणेवीस. दुप्पट साडेएकोणचाळीस. मी चार्टचा स्क्रीनशॉट दाखवला तर म्हणाल्या, "अगं, मग तुला लहान होतोय असं काय म्हणतेस? लिहिलंय एक आणि शिवलंय एक. तुझं माप बरोबर आहे, यांचं चुकलंय."

तीन दिवस मी स्वतःच्या अंगाबद्दल तक्रार करत होते. तक्रार मालाबद्दल करायची होती. बेचाळीस लिहून साडेएकोणचाळीस पाठवला, अडीच इंच कमी. त्यांनीच कबूल केलेल्या अर्ध्या इंचाच्या पाचपट.

हा फरक शब्दांचा खेळ नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये असं आहे की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. मग वर 'पैसे परत नाहीत' असं कितीही ठळक लिहिलेलं असो. मात्र तुम्हीच अंगाचं माप चुकीचं घेतलं असेल, रंग मनातून उतरला असेल किंवा नणंदेने तसाच आणला असेल, तर हा नियम कामाचा नाही. तिथे दुकानाची अट तीच अट.

शुक्रवारी रात्री नवीन विनंती टाकली, कारण 'वर्णनापेक्षा वेगळे'. फोटो तीन: कुडता जमिनीवर सपाट आणि काखेपासून काखेपर्यंत टेप, दोन्ही टोकांचे आकडे वाचता येतील असे, आतल्या एक्सएलच्या लेबलचा, आणि चार्टचा स्क्रीनशॉट. तो बहिणीच्या चॅटमधून शोधून काढला, कारण एव्हाना मूळ पानावर 'माल संपला' आलं होतं आणि चार्ट उघडत नव्हता. ऑर्डर देताना चार्टचा आणि परतीच्या अटींचा फोटो काढून ठेवा. मी आता ठेवते.

रविवारी पोरगा न्यायला आला. त्याच्या फोनवर प्रश्न होते: टॅग आहे का, रंग तोच का, लेबलवर साइझ तोच का. सगळ्याला हो. म्हणून तो म्हणाला, "मॅडम, माल बरोबरच आहे, मग मी नेऊ कसा? इथे मापाचा ऑप्शनच नाही." मी टेप लावून दाखवली. त्याला पटलं, त्याच्या फोनला पटलं नाही. परत गेला, आणि दहा मिनिटांत 'तपासणीत नापास' असा संदेश. त्या पोराची काही चूक नव्हती, तरी मी त्याच्यावर ओरडले. त्याचं अजून वाईट वाटतं.

सोमवार सातवा दिवस. आता चॅट सोडला. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो, तो द्यावाच लागतो. त्यावर पाच ओळी लिहिल्या: ऑर्डर क्रमांक, चार्टवर ४२, प्रत्यक्षात साडेएकोणचाळीस, फोटो जोडले आहेत, साइझ बदलून नको, पैसे मूळ खात्यात हवेत. राग एका शब्दानेही नाही, हे मला फार जड गेलं. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा, असं त्याच नियमांत आहे. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली. ते काही न्यायालय नव्हे, हुकूम सोडत नाहीत. तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि तुम्हाला नोंद क्रमांक देतात. तो क्रमांक मी दुसऱ्या ईमेलमध्ये टाकला.

बुधवारी पोच आली. पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, दुसरा पोरगा आला आणि एकही प्रश्न न विचारता कुडता घेऊन गेला. दरम्यान मुंज होऊनही गेली. मी तो जुना, २१ इंचवालाच कुडता घातला होता.

हो, दोन वर्षांपूर्वीचा पोळलेला हात राहिलाच. तो रेयॉनचा कुडता होता, माप चोख, पहिल्याच धुण्यात आटून उंची ४४ची ४२ झाली. रेयॉन आणि आधी न धुतलेलं सुती कापड आटतं. तपशिलात 'प्री-श्रंक' किंवा 'प्री-वॉश्ड' असं काही नसेल तर शेकडा पाच धरून चालावं, म्हणजे ४४ इंचांवर दोन-सव्वादोन इंच गेलेच. त्यात 'कॉटन ब्लेंड' लिहून टक्केवारी गाळलेली असली तर मी पुढे वाचतच नाही. आणि आत अस्तर असेल तर टेप अस्तरावरही लावा. बऱ्याचदा वरचं कापड मापात असतं, अस्तरच अरुंद कापलेलं असतं, आणि मुंढ्यात उसवतं तेही तेच.

पैसे पाच दिवसांनी जमा झाले. १३९० रुपये. साठ रुपये 'परतीचा वाहतूक खर्च' म्हणून कापले आहेत. चुकीचं माप त्यांनी शिवायचं आणि ते न्यायचं भाडं मी द्यायचं? काल रात्री त्याच अधिकाऱ्याला पुन्हा पाच ओळी पाठवल्या आहेत.