पाव इंचाची माया

गोधडीचा तुकडे जोडून शिवलेला ब्लॉक भरला सव्वानऊ इंच. पट्टी फिरवून मोजलं, दुसऱ्या बाजूने मोजलं, तरी सव्वानऊच. हवे होते साडेनऊ.

तुकडे साडेतीन इंचांचेच आहेत, उरलेले तपासले. ओळीत तीन तुकडे, म्हणजे साडेदहा इंच. दोन टिपा, प्रत्येक टिपेला दोन्हीकडून पाव पाव इंच माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड; एकूण एक इंच गेला. उरायला हवे साडेनऊ. मग हा पाव इंच कुणी खाल्ला?

टिपेमागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, गेलंय. दोन्ही तुकड्यांत वाटलं तर अर्धं अर्धं सूत. इतक्यासाठी जीव खाली-वर व्हावा?

आणि चिडचिड याची की माया मोजली तर पट्टीवर जवळजवळ पाव इंचच दिसते. पण टीप मारून कापड एका बाजूला वळवलं की घडीत एकदोन धागे जातात, दोऱ्याची जाडीही जागा घेते. म्हणून टीप पाव इंचाच्या आत, धागाभर कमी मारायची असते. हे माहीत असूनही सुई मशीनच्या कापड दाबणाऱ्या फुटाच्या कडेवर विसंबून चालवली. फुटाची कड म्हणजे पाव इंच, हे कुणी सांगितलं होतं?

आधी इस्त्रीवर संशय घेतला. टिपेलगत चुणी दबून राहिली तरी ब्लॉक कमी भरतो. तशी नव्हती.

मग चाचणी. दीड इंचाच्या तीन पट्ट्या जोडल्या, टीप आहे तशी दाबून घेतली, मग माया एका बाजूला वळवून इस्त्री. ओढायची नाही, ठेवून उचलायची. मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली पाहिजे. दिसली पाऊण इंच आणि एक सूत. बरोबर तेवढंच चोरलंय! सुई एक घर उजवीकडे सरकवली, पुन्हा तीन पट्ट्या. आता एक इंच. त्या जागी मशीनवर कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या पुढे जाड टेपचा थर चिकटवला, कापड त्याला टेकून जाईल असा. ओळीच्या शेवटच्या अर्ध्या इंचात कापड वळतं, तिथे टेपही कामाची नाही, हातच हवा.

राहिले शिवलेले बारा ब्लॉक. साध्या चौकोनांशेजारी लावायचे, आणि ते चौकोन साडेनऊचे, कारण त्यांच्यात टीपच नाही, चूक होणार कुठून. ताणून जोडले तर गोधडी लाटा मारेल. उसवायचं म्हटलं तर टिपा मोजायलाही बसवत नाही.

बाराही मोजले. सगळे सव्वानऊ. चुकले तेही इमानदारीने, एकसारखे.

तर साधे चौकोन सव्वानऊला कापतेय. सुदैवाने चार तुकड्यांच्या ओळीचा ब्लॉक यात नाही, तो तीन टिपांनी तीन सूत आटला असता आणि मग कात्रीही उपयोगाची नव्हती. गोधडी थोडी आखूड होईल. पाय बाहेर राहिले तर राहिले.