एनपीव्ही एक सांगतो, आयआरआर दुसरेच: सीए इंटरच्या एका गणिताचा माझा अनुभव

सीए इंटरमीजिएटच्या फायनान्शियल मॅनेजमेंटमध्ये कॅपिटल बजेटिंगचे, म्हणजे गुंतवणुकीचे प्रकल्प पारखण्याचे, प्रकरण लांबलचक असले, तरी त्यातील बहुतेक गणिते सरावाने हाताखालून जातात. अडतो तो एकच प्रकार: दोन प्रकल्पांपैकी एकच घ्यायचा आहे, एनपीव्हीने, म्हणजे आजच्या किमतीत मोजलेल्या निव्वळ लाभाने, एक प्रकल्प पुढे येतो आणि आयआरआरने, म्हणजे एनपीव्ही शून्य करणाऱ्या परताव्याच्या दराने, दुसरा, आणि प्रश्नाच्या शेवटी लिहिलेले असते, ‘कोणता प्रकल्प स्वीकारावा ते कारणांसह सांगा.’ सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुली या कारणांसाठी एक ठरलेले वाक्य पाठ करीत असत, आणि काही काळ मीही तेच करीत होते. वाक्य असे: आयआरआर पद्धतीत मधल्या रकमा आयआरआरच्याच दराने पुन्हा गुंतवल्या जातात असे गृहीत धरलेले असते, एनपीव्हीमध्ये त्या भांडवलाच्या खर्चाच्या, म्हणजे कंपनीला पैसा ज्या दराने पडतो त्या, दराने गुंतवल्या जातात असे मानलेले असते, आणि हे दुसरे गृहीतक अधिक वास्तववादी असल्याने एनपीव्हीचा निर्णय मानावा. या वाक्याला गुण मिळतात. पण ‘भांडवलाचा खर्च 16 टक्के झाला तर तुमचा निर्णय बदलेल का?’ असा उपप्रश्न आला की पाठ केलेले वाक्य पुरत नाही.

मला हा विषय ज्या गणिताने उलगडला, ते आमच्या सरांनी फळ्यावर भोसरीच्या एका काल्पनिक कारखान्याच्या नावाने मांडले होते. कारखान्याला दोन यंत्रांपैकी एक घ्यायचे आहे. दोन्हींची किंमत 1,00,000 रुपये, दोन्हींचे आयुष्य तीन वर्षे आणि भांडवलाचा खर्च 10 टक्के. पहिले यंत्र, त्याला ‘अ’ म्हणू, पहिल्या वर्षी 10,000, दुसऱ्या वर्षी 40,000 आणि तिसऱ्या वर्षी 1,00,000 रुपये मिळवून देते. दुसरे यंत्र ‘ब’ याच क्रमाने 70,000, 40,000 आणि 20,000 रुपये देते. म्हणजे ‘अ’ एकूण वीस हजारांनी अधिक देते, पण उशिरा. ‘ब’ कमी देते, पण लवकर.

10 टक्क्यांनी ‘अ’चा एनपीव्ही सुमारे 17,280 रुपये येतो आणि ‘ब’चा सुमारे 11,720. (तक्त्यातील तीन दशांश स्थळांचे घटक वापरले, तर उत्तरात तीस-पन्नास रुपयांचा फरक पडतो, तो परीक्षेत चालतो.) आयआरआर मात्र ‘अ’चा 17.1 टक्के आणि ‘ब’चा 18.2 टक्के येतो. एका कसोटीवर ‘अ’ साडेपाच हजारांनी पुढे, दुसऱ्या कसोटीवर ‘ब’ एका टक्क्याने पुढे. ‘ब’चा आयआरआर अधिक येण्याचे कारण त्याच्या रकमांच्या वेळेत आहे. जितक्या लवकर रक्कम येते, तितका वरच्या दराने वटवण्याचा तिला फटका कमी बसतो. म्हणून दर वाढवत नेला की ‘अ’चा एनपीव्ही भराभर घसरतो आणि ‘ब’चा सावकाश.

येथे सर म्हणाले, “दोन्ही यंत्रे बाजूला ठेवा. कारखानदार तुमच्याकडे येऊन विचारतो आहे की ‘ब’ सोडून ‘अ’ घेतले तर मी नेमके काय देतो आणि मला नेमके काय मिळते. त्याला काय सांगाल?”

उत्तरासाठी ‘अ’च्या रकमांतून ‘ब’च्या रकमा वजा करायच्या. सुरुवातीची गुंतवणूक समान असल्याने तेथे शून्य. पहिल्या वर्षी 10,000 वजा 70,000, म्हणजे उणे 60,000. दुसऱ्या वर्षी पुन्हा शून्य. तिसऱ्या वर्षी 1,00,000 वजा 20,000, म्हणजे अधिक 80,000. ‘ब’ऐवजी ‘अ’ घेणे म्हणजे पहिल्या वर्षाच्या अखेरीस 60,000 रुपये सोडून देणे आणि दोन वर्षांनी त्यांचे 80,000 मिळवणे, यापलीकडे काहीही नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की या दोन वर्षांच्या व्यवहाराचा दर किती:

(1 + r)² = 80,000 ÷ 60,000 = 1.3333

वर्गमूळ 1.1547, म्हणजे दर 15.47 टक्के. परीक्षेत चालणाऱ्या साध्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाची कळ असतेच, त्यामुळे या गणितात चाचपडत दर शोधावा लागत नाही. भांडवलाचा खर्च 10 टक्के असताना 15.47 टक्के देणारा हा फरकाचा व्यवहार स्वीकारण्याजोगा आहे, म्हणून ‘अ’ घ्यावे. खर्च 16 टक्के असता तर तोच व्यवहार तोट्याचा ठरला असता आणि ‘ब’ घ्यावे लागले असते. उपप्रश्नाचे उत्तर येथेच मिळते, आणि तेव्हा एनपीव्ही व आयआरआर यांच्यात मतभेदही उरत नाही, कारण 16 टक्क्यांनी ‘ब’चा एनपीव्हीच अधिक असतो.

हा 15.47 टक्क्यांचा दर म्हणजेच दोन्ही यंत्रांचे एनपीव्ही समान होण्याचा दर. आलेखावर दोन्हींच्या रेषा तेथे एकमेकींना छेदतात. त्याला क्रॉसओव्हर रेट म्हणतात आणि काही ठिकाणी अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांच्या नावाने फिशर रेटही म्हणतात. भांडवलाचा खर्च या छेददराहून कमी असेल तरच मतभेद होतो, आणि हा छेददर दोन्ही आयआरआरच्या खालीच असावा लागतो, ही गोष्ट मला पुस्तकातील परिच्छेदांपेक्षा या एका वजाबाकीने अधिक स्पष्ट झाली.

आता ते पाठ केलेले वाक्य. मी ते 10 टक्क्यांच्या दराने तपासून पाहिले. ‘ब’कडून पहिल्या वर्षी आलेले 70,000 रुपये दोन वर्षे 10 टक्क्यांनी गुंतवले तर 84,700 होतात, दुसऱ्या वर्षीचे 40,000 एका वर्षात 44,000 होतात, आणि शेवटचे 20,000 धरून तिसऱ्या वर्षअखेर हातात 1,48,700 रुपये असतात. ‘अ’चे याच रीतीने 12,100, 44,000 आणि 1,00,000 मिळून 1,56,100 होतात. ‘अ’ 7,400 रुपयांनी पुढे आहे, आणि हे 7,400 आजच्या किमतीत आणले की सुमारे 5,560 येतात, म्हणजे दोन एनपीव्हींमधील नेमका फरक. ‘ब’च्या 18.2 टक्क्यांवर विसंबून त्याला निवडणारा माणूस मनात हे धरून चालतो की पहिल्या वर्षीचे सत्तर हजार पुढेही 18 टक्क्यांच्या आसपास कमावत राहतील आणि शेवटी सुमारे 1,65,000 हाती येतील. कारखान्यासाठी तसा दुसरा मार्ग उपलब्ध असेल तर गोष्ट वेगळी, पण गणितात तो दिलेला नसतो.

याच शेवटच्या रकमांवरून सुधारित आयआरआर, म्हणजे एमआयआरआर, काढला तर ‘अ’चा 16 टक्के आणि ‘ब’चा 14.1 टक्के येतो, आणि क्रम एनपीव्हीशी जुळतो. मात्र जुळण्याचे कारण असे की दोन्हींची गुंतवणूक आणि कालावधी समान आहेत. गुंतवणूक वेगवेगळी असती तर एमआयआरआरही फसवू शकला असता.

येथे माझे एक मत नोंदवते. ‘आयआरआर पुनर्गुंतवणूक गृहीत धरतो’ हे विधान काटेकोरपणे पाहता थोडे सैल आहे. आयआरआर काढताना आपण फक्त एनपीव्ही शून्य करणारा दर शोधतो. मधल्या रकमांचे मालक पुढे काय करतात याच्याशी त्या समीकरणाचा संबंध नाही. गृहीतक शिरते ते दोन प्रकल्पांच्या आयआरआरची एकमेकांशी तुलना करून निवड केली जाते तेव्हा. उत्तरपत्रिकेत मी रूढ वाक्यच लिहीत असे, कारण तपासणाऱ्यांना ते अपेक्षित असते. पण त्याखाली फरकाच्या रकमा आणि त्यांचा दर दोन ओळींत मांडत असे.

सराव करताना दोन जागा निसरड्या वाटल्या. पहिली वजाबाकीच्या दिशेची. ‘ब’मधून ‘अ’ वजा केले तर पहिल्या वर्षी अधिक 60,000 आणि तिसऱ्या वर्षी उणे 80,000 येतात. दर तोच, 15.47 टक्के, निघतो. पण आता तो आधी पैसे घेऊन नंतर फेडण्याचा, म्हणजे कर्जाचा दर असतो, आणि कर्ज भांडवलाच्या खर्चापेक्षा महाग असेल तर ते नाकारायचे असते. ‘दर 10 टक्क्यांहून अधिक आहे, म्हणून स्वीकारा’ असे येथे लिहिले की निर्णय उलटा होतो. म्हणून फरकाच्या रकमांत पहिले शून्येतर चिन्ह उणे येईल अशाच बाजूने वजाबाकी करणे मी ठरवून घेतले. रकमांची चिन्हे एकापेक्षा अधिक वेळा बदलत असतील, तर एकाहून अधिक दर निघू शकतात. तेव्हा या पद्धतीचा हट्ट न धरता सरळ एनपीव्हीवर थांबावे.

दुसरी जागा अंतर्वेशनाची, म्हणजे दोन दरांच्या एनपीव्हींवरून मधला दर अंदाजाने काढण्याची. 15 आणि 20 टक्के असे लांबचे दोन दर घेऊन ‘ब’चा आयआरआर काढला तर 18.24 येतो, 18 आणि 19 घेतले तर 18.17. येथे क्रम बदलत नाही, पण दोन आयआरआर याहून जवळ असतील तर बदलू शकतो. त्यापेक्षा उपयोगी खूण अशी की 15 टक्क्यांनी एनपीव्ही काढला की ‘अ’ 4,693 आणि ‘ब’ 4,266 येतात, आणि 16 टक्क्यांनी अनुक्रमे 2,413 आणि 2,884. पुढे असणारा प्रकल्प बदलला, म्हणजे छेददर याच दोन दरांमध्ये आहे, हे काहीही न सोडवता दिसते, आणि 15.47 हे उत्तर बरोबर असल्याची पडताळणीही होते.

गुंतवणुकीच्या आकारातून होणारा मतभेद याच वजाबाकीने सुटतो. एक लाखाचे वर्षात 1.40 लाख होत असतील आणि दहा लाखांचे 13 लाख, तर आयआरआर 40 आणि 30 टक्के. पण जादा नऊ लाखांवर 11.60 लाख मिळतात, म्हणजे सुमारे 29 टक्के, आणि 10 टक्के खर्चापुढे ते घेण्याजोगे आहेत. भांडवलावर मर्यादा असल्याचे प्रश्नात लिहिले असेल, तर मात्र एकच प्रकल्प घ्यायचा असतानाही उरलेल्या पैशांचे काय होणार हे आधी पाहावे लागते. आयुष्य असमान असेल तर त्याआधी वार्षिक समतुल्य रक्कम काढावी लागते, आणि ते गणित वेगळे आहे.