स्वयंपाकाच्या वासाची तक्रार आली, तर चिमणीचं कबूल करण्याआधी वासाची वाट शोधा

परदेशात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहताना घरमालकाकडून किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाकडून एक छोटा निरोप येतो: तुमच्या स्वयंपाकाचा वास बाहेर येतो, शेजाऱ्यांना त्रास होतो. वाचून मनाला लागतं. मग कुणी लगेच माफी मागून मोठी चिमणी बसवायचं कबूल करतो, तर कुणी आपलं जेवण हा आपला हक्क असल्याचं लिहून मोकळा होतो. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. वास कोणत्या वाटेनं जातोय हे कळलं नाही, तर नवी चिमणी तोच वास जास्त जोरानं शेजाऱ्याच्या घरात ढकलू शकते.

फ्लॅटमधून वास बाहेर पडायच्या मुख्य वाटा तीन: मुख्य दाराखालची फट, स्वयंपाकघराची खिडकी आणि मजल्यामजल्यांतून वर जाणारा सामायिक डक्ट. यातली नेमकी वाट कोणती, हे टिश्यू पेपरच्या एका पदरानं कळतं. रोजच्यासारखा स्वयंपाक सुरू असताना, खिडक्या रोज जशा ठेवता तशाच ठेवून, तो पदर मुख्य दाराच्या फटीपाशी धरा. कागद घराच्या आत झुकला तर कॉरिडॉरची हवा आत येते आहे, म्हणजे त्या वाटेनं वास जात नाही. बाहेर झुकला तर वास तिथूनच निघतोय. असंच डक्टमध्ये उघडणाऱ्या भिंतीतल्या जाळीपाशी करा. कागद जाळीला चिकटला तर ती हवा ओढते आहे. उलट तो फडफडत दूर आला, तर डक्टमधली हवा मागे फिरते आहे आणि कदाचित दुसऱ्याचा वास तुमच्याकडे येतोय. उदबत्तीचा धूर यासाठी वापरू नका, धुराचा अलार्म वाजू शकतो.

मग चिमणीकडे वळा. बऱ्याच भाड्याच्या घरांत शेगडीवर दिसणारी चिमणी हवा बाहेर टाकतच नाही. ती हवा आत घेते, तेलकट कण जाळीत अडवते, वास कोळशाच्या फिल्टरमधून गाळते आणि तीच हवा पुन्हा खोलीत सोडते. वरचं कपाट उघडून बघा. जाड पाइप भिंतीकडे गेलेला नसेल आणि चिमणीच्या वरच्या किंवा पुढच्या फटीतून हाताला वारा लागत असेल, तर ती या प्रकारची आहे. कोळशाचा फिल्टर रोजच्या तळण्या-परतण्यात साधारण 3 ते 6 महिन्यांत संपतो. पाण्यानं धुऊन तो परत कामाला लागत नाही, बदलावाच लागतो (काही खास प्रकार धुता येतात, पण तसं त्यावर लिहिलेलं असतं). आधीच्या भाडेकरूच्या काळातला फिल्टर तसाच असेल, तर तक्रारीचं निम्मं कारण तिथेच सापडू शकतं. धातूची जाळी मात्र गरम पाण्यात भांडी घासायचा साबण घालून दर 2 ते 4 आठवड्यांनी धुवायची. ती तुंबली की हवा आत येत नाही, फक्त आवाज वाढतो.

आता एक प्रसंग धरून चालू. तक्रार अशी की संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये वास येतो. भाडेकरू वास जावा म्हणून हॉलची खिडकी पूर्ण उघडतो. टिश्यूची चाचणी केली, तर कागद दारातून बाहेर झुकतो. कारण सरळ आहे: वारा हॉलच्या बाजूनं आत घुसतोय, घरातला दाब वाढतोय आणि स्वयंपाकघरातली हवा दाराखालून कॉरिडॉरमध्ये जातेय. उपाय म्हणून उघडलेली खिडकीच इथे वास पसरवते. हॉलची खिडकी बंद करून स्वयंपाकघराच्या खिडकीत बाहेरच्या दिशेनं हवा फेकणारा पंखा ठेवला, आणि आजूबाजूच्या फटी पुठ्ठ्यानं बंद केल्या, की घरात किंचित कमी दाब तयार होतो आणि कागद आत झुकू लागतो. भिंतीला भोक पाडायचं नाही, परवानगीचा प्रश्न नाही. स्वयंपाकाच्या 5 मिनिटं आधी पंखा सुरू करायचा आणि नंतर 15 मिनिटं तसाच ठेवायचा. फक्त तो पंखा थेट वरच्या शेजाऱ्याच्या खिडकीखाली येत नाही ना, ते आधी बघायचं.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. घरात खोलीतलीच हवा घेऊन जळणारा आणि धुराड्याच्या नळीतून धूर सोडणारा गॅसचा बंब किंवा हीटर असेल, तर जोरदार पंख्यामुळे त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो. असं उपकरण असेल तर माहीतगार तंत्रज्ञाला दाखवल्याशिवाय पंखाही नको आणि बाहेर हवा टाकणारी चिमणीही नको.

बाहेर हवा टाकणारी चिमणी खरंच बसवायची असेल, तर हिशेब सोपा आहे. स्वयंपाकघर 3 मीटर लांब, 2.5 मीटर रुंद, 2.6 मीटर उंच असेल, तर आतली हवा 19.5 घनमीटर. ती तासाला 10 वेळा बदलायची म्हटलं, तर सुमारे 200 घनमीटर हवा ओढायला हवी. खोक्यावरचा आकडा पाइपची वळणं नसतानाचा असू शकतो, म्हणून 300 ते 400 क्षमतेची घेणं बरं. पाइप 150 मिलिमीटरचा असेल तर तो शेवटपर्यंत तेवढाच ठेवा. मध्येच 100चा केला की हवा कमी आणि आवाज जास्त. शेवटी उलटी हवा अडवणारी झडप हवी.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोटरवाल्या चिमणीचा पाइप सामायिक डक्टला जोडणं. तो डक्ट बहुधा वरच्या एकाच पंख्यानं किंवा नैसर्गिक ओढीनं चालतो. तुमच्या मोटरचा दाब त्यात घुसला की तुमचा वास इतरांच्या जाळ्यांतून त्यांच्या घरात निघतो. कॉरिडॉरची तक्रार होती, ती आता चार घरांची होईल. अशा इमारतीत आधी व्यवस्थापनाला लेखी विचारायचं, आणि नकार मिळाला तर फिल्टरवाली चिमणी चांगली राखायची.

दाराखाली ब्रश किंवा रबराची पट्टी लावणं सोपं वाटतं. पण कॉरिडॉरचं दार आगीपासून संरक्षणासाठी बनवलेलं असेल, तर त्यात स्क्रू मारायचा नाही, पट्टीही घरमालकानं मान्य केल्यावरच लावायची.

एवढं पाहून झालं की उत्तर लिहा, घरमालकाला, लेखी. त्यात वागण्याचा बचाव नको, आणि स्वयंपाक बंद करायचं वचनही नको. तिथल्या भाषेत उतरवता येईल असा मजकूर:

«नमस्कार. वासाबद्दल कळवल्याबद्दल आभार. शेजाऱ्यांना त्रास होतोय हे समजलं आणि तो कमी करायची माझी इच्छा आहे. मी पाहिलं, तेव्हा हवा मुख्य दाराच्या फटीतून कॉरिडॉरमध्ये जात होती. या आठवड्यात मी चिमणीची जाळी धुऊन फिल्टर बदलतो आहे. स्वयंपाक करताना हॉलची खिडकी बंद ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीतला पंखा चालवेन. वास कोणत्या वेळी आणि नेमका कुठे जास्त जाणवतो, हे शेजाऱ्यांकडून कळलं तर मदत होईल. दोन आठवड्यांनी फरक पडला नाही, तर बाहेर हवा सोडणारी चिमणी बसवण्याबद्दल बोलू या. सामायिक डक्टला ती जोडता येते का, आणि भिंतीतून पाइप नेण्याची परवानगी आहे का, हे कृपया इमारतीकडून विचारून घ्यावं. खर्चाची वाटणी आणि घर सोडताना चिमणी कुणाची, हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवू.»

वेळ आणि जागा विचारण्याला खास कारण आहे. तुम्ही घरी नसताना किंवा काहीच शिजत नसताना वास येत असेल, तर तो दुसऱ्या घरातून, कदाचित डक्टनं, येतोय. म्हणून त्या दोन आठवड्यांत कधी काय शिजवलं, पंखा चालू होता का, याची तारखेसह नोंद ठेवा आणि घरमालकाला तीच पाठवा.