टास्क टूमधली दुसरी बाजू आणि टेम्पोवाला मामा

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या पहिल्या अटेम्प्टला बाकी सगळीकडे 7 च्या वर आणि रायटिंगला मात्र 6, त्यामुळे जाम वैतागले होते. मला वाटलं ग्रामरचा घोळ असणार, म्हणून नेरूळहून वाशीला क्लास लावला. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी टास्क टूचा, म्हणजे रायटिंगमधल्या निबंधाचा विषय दिला, की काहींच्या मते सरकारने पैसा रेल्वेवर घालावा, काहींच्या मते रस्त्यांवर, आणि खाली ते नेहमीचं, ‘डिस्कस बोथ व्ह्यूज अँड गिव्ह युवर ओन ओपिनियन’.

आता मी रोज ट्रान्स हार्बरने ठाण्याला जाणारी बाई, मी काय लिहिणार! 40 मिनिटांत 270 शब्द झाले, मी खूश. मॅडमनी ग्रामरला हातच लावला नाही, नुसतं पेन्सिलने शब्द मोजले. रेल्वेचा पॅरा 128, रस्त्यांचा 41. आणि त्या 41 मध्ये पण ‘काहींना रस्ते सोयीचे वाटतात’ एवढं एकच वाक्य त्या लोकांचं, पुढे लगेच ‘पण हे चूक आहे, ट्रॅफिक वाढतो’. म्हणाल्या, "ही दुसरी बाजू नाही गं, हे तुझंच मत परत आलं. सगळे भाग घेतलेस पण एक अर्धवट सोडलास, असे निबंध टास्क रिस्पॉन्सला, म्हणजे प्रश्नाला पूर्ण उत्तर दिलं का त्या मार्कांना, 6 वरच अडकतात."

मग मी रस्त्यांच्या बाजूने लिहायला बसले तर काही सुचेचना, कारण तसा विचार करणारा माणूसच डोळ्यासमोर नव्हता. शेवटी मामाला फोन केला, तो नारायणगावहून रात्री टोमॅटो घेऊन वाशीच्या एपीएमसीत येतो. म्हटलं रेल्वे चांगली की रस्ता, तर म्हणे, "तुझी लोकल माझ्या शेतापर्यंत येते का? दोनदा माल चढवला-उतरवला तर निम्मा टोमॅटो फुटेल." झालं, कारण पण मिळालं आणि उदाहरण पण!

परत लिहिलं तेव्हा रस्त्यांचा पॅरा आधी घेतला, साधारण 85 शब्द, आणि त्यात माझं ‘पण’ एकदाही येऊ दिलं नाही, सगळं ‘या लोकांचं म्हणणं असं’ याच सुरात. रेल्वेला 100. अगदी शब्दाला शब्द सारखं असायची गरज नाही, फक्त दोन्हीकडे कारण आणि ते उलगडणारं काहीतरी हवं. माझं मत इंट्रोमध्ये एका वाक्यात सांगून टाकलं आणि शेवटी तेच जरा नीट मांडलं, की शहरात रेल्वे आधी, शेतमालासाठी मात्र रस्तेच लागणार. आधी मी शेवटी ‘दोन्ही महत्त्वाचे’ लिहून सुटायचे, नुसतं तेवढ्याने मत स्पष्ट होत नाही म्हणे, म्हणजे कोणतं जास्त आणि कुठे, हे सांगितलेलं बरं.

दुसऱ्या अटेम्प्टला रायटिंगला 7. मामाला सांगितलं तर म्हणाला, "मग ये पेढे घेऊन नारायणगावला, लोकलने."