तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाच्या नोंदीतला तो विचित्र आकडा मी लगेच का काढत नाही

‘तीन सिग्माच्या बाहेर गेलेला आकडा सरळ उडवायचा. तुम्ही प्रत्येक स्पाइकपाशी एवढ्या अडून का बसता?’

कारण एकदा मी उडवला होता, आणि तो खरा होता.

तीन सिग्माचं आधी सांगते. सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिपटीहून लांब गेलेला आकडा संशयाचा, असा तो नियम, आणि पावसाला तो लावणं मुळातच चुकीचं आहे. पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींत बहुतेक रकाने शून्य असतात. सरासरी शून्याला चिकटलेली, प्रमाण विचलन इवलंसं. अशा आकड्यांत जोराचा प्रत्येक पाऊस हद्दीबाहेरच जाणार. मग कोणीतरी सुचवतं की मध्यक घ्या, तो जास्त भरवशाचा. अर्ध्याहून जास्त शून्यं असली की मध्यक शून्य येतो आणि मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यकही शून्यच. मग एक बारीकशी सरसुद्धा बिघाड ठरते. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून मी सिग्मावर न थांबता शेजारच्या केंद्राशी ताडून पाहायचे, आणि त्याचा मला अभिमान होता.

आता ती संध्याकाळ. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं एक केंद्र, मे महिना. पर्जन्यमापक टिपिंग बकेटचा: ०.२ मिमी पाणी साठलं की इवलीशी बकेट पलटते, तिचा स्विच चालतो आणि लॉगरमध्ये एक टिप नोंदवली जाते. नोंद अशी होती: ०, ४.२, ३१.६, १८.४, २.२, ०.२, ०. सव्वा तासात ५६.६ मिमी. नऊ किलोमीटरवरच्या केंद्रावर त्या सबंध दिवसात ०.६. मी ठरवलं, स्विच बिघडलाय. पाच रकाने पुसले आणि शेजारच्या केंद्राच्या आकड्यांनी भरले. दोन मिनिटांचं काम. त्या महिन्यात मी असे कितीतरी रकाने पुसले, आणि तेव्हा माझं काम चांगलं चाललंय असंच मला वाटत होतं.

सात-आठ महिन्यांनी मापकाची गाळणी साफ करायला गेले. बाजूच्या कुळागरातली आजी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘काय गो बाय, तुमचं यंत्र त्या सांजेला झोपलं होतं?’ कुळागराचा दगडी बांध त्या पावसात ढासळला होता आणि बारा-पंधरा पोफळी आडव्या झाल्या होत्या. भरपाईचा अर्ज केला, तो परत आला. शेरा होता: त्या दिवशीची पर्जन्य नोंद ०.६ मिमी. तो आकडा मी लिहिलेला होता. कुठल्या टेबलावरून तो फिरला हे सांगण्यात अर्थ नाही, त्या टेबलावरच्या माणसानं समोरचा कागद वाचला, एवढंच.

मी तिला पाऊस किती झाला ते विचारलं, खरं तर स्वतःला वाचवायला. तिनं आंगणाच्या कडेला बोट दाखवलं. भिरंडाची सोलं वाळत घातली होती, ती वाहून गेली. शेजारी तेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा धुऊन ठेवला होता, रिकामा. पाऊस थांबल्यावर त्यात ‘तीन बोटं पाणी’ होतं. तिनं बोटं आडवी जुळवून दाखवली. माझ्या पिशवीत पट्टी होती. तिची तीन बोटं साडेपाच सेंटिमीटर भरली. उभ्या भिंतींचा डबा म्हणजे पर्जन्यमापकच, त्यात साडेपाच सेंटिमीटर पाणी म्हणजे ५५ मिमी पाऊस.

१९९५ च्या १ जानेवारीला उत्तर समुद्रातल्या ड्राउप्नर या वायू-वाहिन्यांच्या फलाटावरच्या लेझरनं सुमारे २५ मीटरची एकच लाट नोंदवली. इतकी मोठी की ती बिघाडात सहज गेली असती. फलाटावर पाण्यानं केलेली किरकोळ मोडतोड सापडली, म्हणून आकड्यावर विश्वास बसला. हे मी प्रशिक्षणात स्वतः शिकवत होते. स्वतःच्या केंद्राशेजारची मोडतोड पाहायला मात्र मी गेले नव्हते.

परत येऊन जुन्या लॅपटॉपवरची मूळ फाइल उघडली. सगळं तिथंच होतं. ३१.६ मिमी म्हणजे १५८ टिपा, साधारण पावणेसहा सेकंदांना एक. टिपांच्या वेळा पाहिल्या तर अंतर आधी हळूहळू कमी होत गेलं, मग तसंच हळूहळू वाढत गेलं. पाऊस असाच चढतो आणि असाच उतरतो. स्विच उसळून एकाच पलटीला दोनदा लागला असता तर दोन टिपा सेकंदाच्या दहाव्या भागात पडल्या असत्या. बकेट पलटायलाच अर्धा सेकंदाच्या आसपास लागतो, त्यामुळे कितीही पाऊस पडो, त्याहून जवळ दोन टिपा पडू शकत नाहीत. त्याच फाइलमध्ये तापमान अर्ध्या तासात ३३ वरून २५ वर उतरलं होतं, आणि सौर पॅनलचं व्होल्टेज त्याच वेळी पडलं होतं. वादळी ढगाखालची थंड हवा. शेजारचे दोन रकाने पाहिले असते तरी पुरे होतं. उलट, इतक्या जोराच्या पावसात बकेट पलटताना थोडं पाणी न मोजताच निसटतं, म्हणजे खरा पाऊस ५६.६ हून थोडा जास्तच असावा.

पूर्वीची मी इथं भांडेल, आणि तिचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. जुलैत घाटाला लागून दिवसभर पाऊस कोसळतो तेव्हा नऊ किलोमीटरवरचं केंद्र कोरडं राहत नाही. तेव्हा शेजारच्या केंद्राशी ताडणं योग्यच. मे आणि ऑक्टोबरातला गडगडाटी पाऊस मात्र एका गावात कोसळून पुढच्या गावाला टाळून जातो. मी बारा महिन्यांना एकच नियम लावला होता.

दुरुस्त नोंद मी पाठवली, सोबत चूक कोणाची तेही लिहिलं. आजीच्या अर्जाचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. विचारायला गेले नाही, हेही खरं.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. काहीच काढायचं नाही असं ठरवलं. ऑक्टोबरात एका रात्री ४८ मिमीचा रकाना मी तसाच पुढं जाऊ दिला. नंतर टिपांच्या वेळा काढल्या तर एका मिनिटात २४० टिपा, सेकंदाला चार. वीज जवळ पडली होती आणि केबलमधून तो झटका लॉगरमध्ये मोजला गेला होता. बकेट तेवढी पलटणं शक्यच नाही. आजीच्या बांधाच्या भीतीनं मी खोट्याला खरं म्हटलं.

म्हणून आता मूळ रकाना पुसत नाही, शेजारी खूण करते आणि कारण लिहिते. टिपांच्या वेळा लॉगरमधून काढून घेते, कारण पंधरा मिनिटांच्या बेरजेत त्या हरवतात. गाळणीत पानं अडकली तर उलटं होतं: पाऊस थांबला तरी तासन्‌तास एकेक टिप पडत राहते. तो बिघाड स्पाइक दाखवतच नाही, तो स्पाइक खाऊन टाकतो, आणि तीन सिग्मा त्याला कधीच पकडणार नाही.

ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही असाही एक रकाना आहे. यंदाच्या मेमधला, २२.८ मिमीचा. तापमान पडलंय, म्हणजे पाऊस आला. वीजही पडली, आणि ११४ टिपांपैकी ३७ अर्ध्या सेकंदाच्या आत आहेत. त्या वजा केल्या तर १५.४ मिमी उरतात. पण विजेच्या झटक्यानंतर लॉगर काही क्षण गोंधळला असेल तर त्यात खऱ्या टिपाही बुडाल्या असतील. मी दोन्ही आकडे लिहून ठेवलेत. या रविवारी त्या गावात जाऊन कोणाच्या आंगणात डबा होता का ते विचारणार आहे.