पितळी वाटीतलं ब्लीच

मे महिन्यातली लग्नसराई होती. राजारामपुरीतल्या पार्लरमध्ये खुर्च्या भरलेल्या, आणि प्लॅस्टिकचे तिन्ही बाऊल रंगात. नवीन मुलीने मागच्या खोलीतली देवपूजेची जुनी पितळी वाटी घेतली आणि तीतच हायलाइट्सचं ब्लीच कालवलं. माप अगदी बरोबर होतं : पावडर 30 ग्रॅम, 20 व्हॉल्यूमचा म्हणजे 6 टक्क्यांचा डेव्हलपर 60 मिली. पाचेक मिनिटांत तिची हाक आली, "ताई, हे वर याय लागलंय बघा!"

वाटीला हात लावला तर ती गरम. पांढरा लगदा इडलीच्या पिठासारखा फुगलेला, आणि कडेला निळसर-हिरवी छटा. तो लगदा चमच्याने ढवळून खाली बसवायचा नसतो, तसाच भरपूर पाण्यात सोडून द्यायचा. आम्ही तेच केलं.

झालं काय, तर डेव्हलपरमधला हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू ऑक्सिजन सोडतो आणि त्याने केसातला रंग उतरतो. तांबं किंवा लोखंड लागलं की हाच पेरॉक्साइड घाईने फुटतो. ऑक्सिजन वाटीतच फेस होऊन उडून जातो, उष्णता मागे राहते. असं ब्लीच लावलं तर अर्धे केस पिवळे, अर्धे तसेच, आणि टाळूला चटका. पितळेत तर तांबंच जास्त. शिवाय पावडरीत बहुधा अमोनियम परसल्फेट असतं, आणि ते तांबं खातं. सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं काढायलाही हेच वापरतात. कडेची ती निळी-हिरवी छटा वाटीतूनच आली होती.

मग स्टीलची वाटी चालेल का? स्वच्छ, न खरवडलेलं चांगलं स्टील अर्धा तास टिकतं, पण कुठली वाटी चांगली हे बघून कळत नाही, म्हणून आम्ही त्या भानगडीत पडत नाही. ॲल्युमिनियमचं भांडं तर नकोच, कारण ब्लीच अल्कधर्मी असतं आणि ते ॲल्युमिनियमला कुरतडतं. "मग फॉइल कशी चालते?" असं त्या मुलीने लगेच विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. ॲल्युमिनियम पेरॉक्साइडला तांब्यासारखं फोडत नाही, आणि फॉइल तेवढ्यापुरतीच लागते. भांड्यात मात्र सगळं मिश्रण कालवून ठेवलेलं असतं.

बाऊलइतकाच घात कंगवा करतो. बट वेगळी काढायच्या टेल कंगव्याची शेपटी बऱ्याचदा धातूची असते, तिचा मुलामा उडाला की खालचं लोखंड गंजतं. ब्रशच्या मुठीला पत्र्याची पट्टी असते, तिच्यात जुना रंग आणि गंज बसतो. आमच्याकडे ब्लीचसाठी सगळ्याच गोष्टी प्लॅस्टिकच्या : बाऊल, पूर्ण प्लॅस्टिकचा ब्रश, कंगवा, क्लिपाही. उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवायचं नाही. आत वायू साठतो आणि डबा फुटतो.

त्याच दुपारी एक काकू हायलाइट्ससाठी आल्या. कित्येक वर्षं त्या मेहंदी लोखंडी कढईत रात्रभर भिजवून लावत होत्या. आपल्याकडे हे मुद्दामच करतात. मेहंदीतल्या आणि चहाच्या पाण्यातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग झाला की काळपट रंग येतो. जुनी काळी शाई याच संयोगातून व्हायची. पांढऱ्या केसांवर त्यामुळे भगव्याऐवजी गडद तपकिरी चढतो, त्यात वावगं काही नाही. तांबूस रंग हवा असेल तर मात्र लोखंडाने तो बिघडतो. तेव्हा काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात भिजवायची. लिंबू पिळणार असाल तर ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही टाळा, आंबटपणाने धातू जास्त सुटतो.

अडचण होती ती ब्लीचची. कढईतलं लोखंड केसावर बसलेलं असतं, आणि काही 'काळ्या मेहंदी'च्या पाकिटांत वरून धातूचे क्षारही असतात. म्हणजे प्लॅस्टिकच्या बाऊलमध्ये कालवलेलं ब्लीचसुद्धा केसावर गेल्यावर पितळी वाटीसारखं वागू शकतं. त्यामुळे आधी बटेची चाचणी. काचेच्या ग्लासात 20 व्हॉल्यूमचा साधा पातळ पेरॉक्साइड 30 मिली, त्यात 28 टक्क्यांच्या अमोनियाचे 20 थेंब (खिडकी उघडी, हातात मोजे), आणि मानेकडून कापलेली छोटी बट, 30 मिनिटं. बट नुसती थोडी उजळली तर पुढे जाता येतं. बुडबुडे उसळले, ग्लास तापला, बट ओढल्यावर तुटली, तर केसावर धातू आहे. चांदीचे क्षार असतील तर बटेवर काहीच होत नाही, तीही धोक्याचीच खूण.

काकूंच्या बटेला दहा मिनिटांतच बुडबुडे सुटले आणि ग्लास कोमट झाला. शॅम्पूने हे निघत नाही, मेहंदीचा भाग वाढून कापून जायलाच हवा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, आणि त्यांचे केस खांद्यापर्यंत होते. त्या म्हणाल्या, "मग राहू दे बाई. ब्लो-ड्राय तरी करून दे."