तुम्ही विचारलंत म्हणून : 🚩 नेमका कोणाचा?

"निवडणुकीच्या दिवसांत साधी सूचना टाकली, तरी इमोजीवरून लोक आपला पक्ष ठरवतात. मग इमोजी वापरायचेच नाहीत का?"

वापरावेत, पण त्या काळापुरता कोणता इमोजी कोणाचा झाला आहे, हे पाहून. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी सोसायटीची सचिव म्हणून मी आमच्या गटावर लिहिले होते : "बुधवार, २० नोव्हेंबर. मतदान सकाळी ७ ते सायंकाळी ६ ⏰. घराबाहेर पडण्यापूर्वी थांबा ✋, ओळखपत्र घेतले का ते पाहा." थोड्याच वेळात एका सदस्यांचा फोन आला, "ताई, सोसायटीच्या ग्रुपवर घड्याळाचा प्रचार नको." दुसऱ्यांना पंजा खटकला. माझा तसा हेतू नव्हता. परंतु ही दोन्ही निवडणूक चिन्हे होती आणि मतदानाच्या संदेशातच ती आल्यामुळे त्यांची तक्रार मला रास्त वाटली.

चिन्हांचे इमोजी निदान यादी पाहून टाळता येतात. रंगांचे तसे नाही. 🚩 ची युनिकोडमधली नोंद केवळ 'खांबावरचा त्रिकोणी ध्वज' या अर्थाची आहे आणि बहुतेक फोनवर तो लाल दिसतो, तरीही आपल्याकडे तो भगवाच वाचला जातो. भगवा तर पक्षांहून कितीतरी जुना. तो वारकऱ्यांच्या खांद्यावर असतो, गडावर असतो, आणि आज एकाहून अधिक पक्ष त्यावर हक्क सांगतात. म्हणून एकटा 🚩 पक्षाचे नाव सांगत नाही. उमेदवाराचे नाव, घोषणा, शेवटी ओळीने 🚩🚩🚩 आणि सोबत 🧡 अशी संगत जमली, की तो प्रचार होतो. 💙 चेही तसेच : 'जय भीम'शेजारी तो आंबेडकरी चळवळीचा निळा असतो, वाढदिवसाच्या शुभेच्छांत नुसते हृदय.

त्यामुळे "आषाढीच्या शुभेच्छा 🚩" यातला ध्वज मी काढत नाही, कारण त्याचे कारण शेजारीच लिहिलेले असते. पाणी बंद असल्याच्या सूचनेखाली मात्र त्याला काहीच काम नसते. वाचणारा मग कारण शोधतो आणि त्या दिवसांत ते निवडणुकीतच सापडते.

माझ्या संदेशातले दोन्ही इमोजी मी काढले आणि आरंभी एक 🗳️ ठेवला. सगळ्या रंगांची हृदये टाकावीत, असे एकांनी सुचवले होते. पण त्यात कोणाचा तरी रंग राहतोच, आणि पहिला कोणता, हेही पाहिले जाते.

एक जागा मात्र माझ्याही उशिरा लक्षात आली. ज्यांनी आपला क्रमांक जतन केलेला नसतो, त्यांना व्हॉट्सअॅपच्या गटात आपण स्वतः ठेवलेले नाव दिसते आणि त्या नावापुढचा 🚩 किंवा 💙 आपल्या प्रत्येक सूचनेबरोबर जातो. आमच्याकडे सूचना टाकणारे तिघे जण आहेत. आचारसंहिता असेपर्यंत तिघांनीही नुसते नाव आणि सदनिका क्रमांक ठेवला.